तीन पट्ट्यांचं डोकं

रविवारी संध्याकाळी भाचीचा फोटो आला. बाथरूमच्या पिवळ्या दिव्याखाली, पाठमोरी, केस मोकळे. भांगाजवळ तीन-चार सेंटीमीटर तांबूस-नारिंगी, त्याखाली पाठीपर्यंत चॉकलेटी आणि शेवटचा वीतभर भाग आधी होता तसाच काळाकुट्ट. एकाच डोक्यावर तीन पट्ट्या. फोटोखाली एकच ओळ होती : ‘मावशी, डब्यावरच्या बाईचे केस असे नव्हते गं.’

डबा तिने दाखवला होता. कॅरमल रंगाचे केस उडवणारी मुलगी आणि खाली शेडचा नंबर ५.३. किंमत ६४९ रुपये, दोन घेतले की तिसरा फुकट. म्हणजे १,२९८ रुपयांत तीन डबे. त्याआधी तिने कोथरूडमधल्या एका सलूनला फोन केला होता. मध्यपाठीपर्यंतच्या केसांना ‘ग्लोबल कलर’, म्हणजे सगळ्या डोक्याला एकसारखा रंग, ‘साडेसात हजारांपासून पुढे’ असं त्यांनी सांगितलं. भावाचं लग्न दीड महिन्यावर, पगार बेताचा. साडेसात हजार आणि तेराशे या दोन आकड्यांत कोणीही तेराशेच निवडेल. पण ही दोन्ही उत्तरं एका प्रश्नाची नव्हतीच. तिच्या डोक्याला नेमकं काय करावं लागणार आहे, हे तोवर कोणी पाहिलंच नव्हतं.

डब्यावरचा नंबर आधी समजून घेऊ. केसांच्या रंगाच्या दहा पायऱ्या मानतात. १ म्हणजे काळा, १० म्हणजे अगदी फिकट सोनेरी. ५.३ मधला ५ म्हणजे फिकट तपकिरी पायरी आणि टिंबानंतरचा ३ म्हणजे सोनेरी झाक. टिंबानंतर १ असेल तर राखाडी झाक, ४ असेल तर तांबूस. आपल्याकडचे बहुतेक केस पहिल्या ते तिसऱ्या पायरीवर असतात. भाचीचे दुसऱ्या. तिला हवा असलेला, फोटोतला कॅरमल मात्र सहावी-सातवी पायरी होती. म्हणजे चार-पाच पायऱ्या चढायच्या होत्या, आणि डबा तिला दोन, फार तर तीन पायऱ्या नेऊ शकणार होता.

याचं कारण डब्यातल्या दोन बाटल्यांत आहे. क्रीममध्ये अमोनिया किंवा त्याच्यासारखंच काम करणारं दुसरं अल्कधर्मी रसायन असतं. ते केसाच्या वरचे खवले उघडतं. दुसऱ्या बाटलीत असतो डेव्हलपर, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. त्याची ताकद ‘व्हॉल्यूम’मध्ये मोजतात : १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२. पेरॉक्साइड दोन कामं एकदम करतो. केसातलं नैसर्गिक काळं रंगद्रव्य थोडं उतरवतो आणि क्रीममधल्या बिनरंगी कणांना केसाच्या आत एकमेकांशी जोडून त्यांचा रंग घडवतो. घरगुती डब्यात हे काम बेताचंच होतं, कारण डबा कोण वापरणार आहे हे कंपनीला ठाऊक नसतं.

काळ्या केसांवर फिकट रंग चढत नाही, हे आपण काळ्या कापडावर पिवळा ब्रश फिरवून पाहिला की पटतं. आधी काळा उतरवावा लागतो. आणि काळा उतरताना थेट सोनेरी होत नाही. आधी विटकरी लाल, मग नारिंगी, मग पिवळसर नारिंगी, मग पिवळा, असा तो उतरत जातो. केसातलं काळं-तपकिरी द्रव्य लवकर निघतं, तांबूस-पिवळं चिवट असतं. चौथी-पाचवी पायरी म्हणजे लालसर नारिंगीचा मुक्काम. तिथे थांबलात तर नारिंगी दिसणारच, डब्यावर काहीही लिहिलेलं असो. बरगंडी आपल्याकडे एवढी चालते त्याचं खरं कारण हेच आहे. तिला त्या मुक्कामाच्या पुढे जावंच लागत नाही. उलट तो लालपणा तिच्या पथ्यावर पडतो.

आता तीन पट्ट्यांकडे येऊ. मुळाशी नारिंगी आलं, कारण टाळूची ऊब. मुळापासून पहिल्या दोन-तीन सेंटीमीटरला डोक्याची उष्णता मिळते, तिथे पेरॉक्साइड जोरात काम करतो. भाचीने भांग पाडला आणि सगळ्यात आधी मुळांनाच क्रीम लावलं. मग लांबीला, मग टोकांना. पांढरे केस झाकताना आपण असंच करतो, म्हणून हात आपोआप तिकडे जातो. कोऱ्या केसांना पहिल्यांदा रंग लावताना मात्र क्रम उलटा हवा. मुळं सोडून मधला भाग आणि टोकं आधी, मुळं शेवटी. काही डब्यांतल्या कागदावर हे बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. मधला भाग तिचा कोराच होता, तो आपला दोन पायऱ्या चढून चॉकलेटी झाला. हीच डब्याची खरी कामगिरी. आणि टोकं?

टोकांचं उत्तर तिला आठवायला बराच वेळ लागला. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. म्हणजे मध्यपाठीपर्यंतच्या केसांचं टोक चार-साडेचार वर्षांचं असतं. आपण काल काय लावलं हे मूळ सांगतं, कॉलेजात असताना काय लावलं ते टोक सांगतं. भाचीने कॉलेजात दर महिन्याला ‘काळी मेंदी’ लावली होती, अडीच वर्षांपूर्वी सोडली. तिच्या लेखी तो रंग नव्हताच, मेंदी होती. पण बाजारातल्या बहुतेक काळ्या मेंदीत मेंदी नावापुरती आणि रंग रसायनाचा असतो. नुसती मेंदी केसाला काळा करू शकत नाही, ती तांबूसच देते. त्या रसायनाचे थरावर थर टोकांत बसले होते. आणि केस रंगवणाऱ्यांच्या जगात पहिल्या दिवशी शिकवला जाणारा नियम असा की रंगावर रंग लावून रंग फिकट होत नाही. पेरॉक्साइडवाला डबा नैसर्गिक काळा उतरवतो, बाहेरून भरलेला काळा तसाच राहतो. तो काढायला ब्लीचच लागतं. म्हणून टोकं ढिम्म.

साडेसात हजार सांगणाऱ्या त्या सलूनने तिला याबद्दल एक तरी प्रश्न विचारला होता का? नव्हता. केसांची लांबी विचारली आणि दर सांगितला. तिथे ती गेली असती आणि त्यांनीही तोच ग्लोबल कलर मुळापासून टोकापर्यंत लावला असता, तर मुळं कदाचित नीट आली असती, कारण सराईत हात मुळं शेवटी घेतो. टोकं मात्र काळीच राहिली असती. फरक एवढाच की त्या काळ्या टोकांचे तिने साडेसात हजार मोजले असते. सलून म्हणजे सुरक्षित आणि घर म्हणजे धोका, अशी सरधोपट विभागणी मला म्हणूनच मान्य नाही. जिथे तुमच्या केसांचा गेल्या चार वर्षांचा इतिहास विचारत नाहीत, तिथे खुर्ची आणि आरसा तेवढा मोठा असतो.

फोटोनंतरच्या शनिवारी आम्ही दुसरीकडे गेलो. तिथल्या ताईंनी दराचं कार्ड काढण्याआधी केस हातात घेतले. मेंदी कधी? स्मूदनिंग किंवा रिबॉण्डिंग केलंय? घरी बोअरचं पाणी आहे की टँकरचं? शेवटचा प्रश्न मला चमत्कारिक वाटला होता. क्षार आणि लोह जास्त असलेल्या पाण्याने केसांवर धातूचे अंश साचतात आणि ब्लीच त्यांच्याशी वेडंवाकडं वागतं, असं त्या म्हणाल्या. काही मेंद्यांमध्येही धातूचे क्षार मिसळलेले असतात. त्यांच्यावर पेरॉक्साइड पडला की केस गरम होऊन तुटूसुद्धा शकतो. रिबॉण्डिंग केलेल्या केसांना तर त्या पुढचे सहा महिने ब्लीच लावतच नाहीत. रिबॉण्डिंगमध्ये केसाला ताकद देणारे गंधकाचे बंध एकदा तोडलेले असतात, ब्लीच तेच पुन्हा तोडतं.

मग त्यांनी बटेची चाचणी केली. तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. मानेजवळच्या आतल्या थरातून, वरून दिसणार नाही अशा जागेवरची बारीकशी बट कापून घेतली. तिचे दोन भाग केले, मधला कोरा आणि टोकाचा काळा. एका वाटीत ब्लीच पावडर आणि २० व्हॉल्यूमचा डेव्हलपर मिसळून दोन्ही भागांना लावलं आणि फॉइलमध्ये गुंडाळून ठेवलं. वाटी प्लॅस्टिकची, धातूची नाही. दर दहा मिनिटांनी फॉइल उघडायचं, थोडं पुसून रंग बघायचा, पुन्हा मिटायचं. चाळीस मिनिटांनी मधला भाग पिवळसर नारिंगी झाला, म्हणजे कॅरमलला पुरेसा. टोकाचा भाग विटकरी लाल होऊन तिथेच अडला. शेवटी त्यांनी ओलं टोक दोन बोटांत धरून ताणलं. निरोगी ओला केस थोडा ताणतो आणि परत जागेवर येतो. हे टोक च्युइंगमसारखं लांबलं आणि तुटलं. ‘हे टोक आता रंगवायचं नाही, कापायचं,’ ताई म्हणाल्या.

या चाळीस मिनिटांचे त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत. घरी हीच चाचणी कुणालाही करता येते, खर्च जवळजवळ शून्य. पण घरी ती कोणी करत नाही, कारण डबा उघडला की तो डोक्यावर जाईपर्यंत दम निघत नाही.

ठरलं ते असं. दहा सेंटीमीटर केस कापायचे. नारिंगी मुळं गडद तपकिरी रंगाने खाली आणायची. सगळं डोकं फिकट करण्याचा नाद सोडायचा. त्याऐवजी मधल्या भागापासून खाली पातळ-पातळ बटा काढून फॉइलमध्ये ब्लीच करायच्या, आणि मग त्यांवर टोनर लावायचा. टोनर म्हणजे उरलेला नारिंगीपणा मारणारा हलका रंग. नारिंगीला निळा मारतो, पिवळ्याला जांभळा, एवढं रंगांचं चक्र शाळेच्या चित्रकलेतलंच आहे. फॉइलमधलं ब्लीच टाळूला लागत नाही, त्यामुळे टाळू भाजण्याची भीती उरत नाही. साडेपाच तास लागले. मी दोन मासिकं वाचून काढली आणि शेजारच्या खुर्चीतल्या काकूंच्या सुनेबद्दल बरंच ऐकलं.

बिल माझ्याकडे आहे. मुळांची दुरुस्ती २,५००. बटांचं काम ७,५००. केसाचे बंध सांभाळणारं ‘प्लेक्स’ १,५००. टोनर १,५००. कापणं ५००. एकूण १३,५०० आणि त्यावर ५ टक्के जीएसटी ६७५, म्हणजे १४,१७५ रुपये. (२२ सप्टेंबर २०२५ च्या आधी हाच कर १८ टक्के होता. गल्लीतली छोटी पार्लरं नोंदणीच्या मर्यादेखाली असल्याने तो लावतच नाहीत, पण दर विचारताना ‘टॅक्स धरून का?’ हे विचारावंच.) त्यात डब्यांचे १,२९८ मिळवले तर भाचीचा एकूण खर्च १५,४७३.

घरी आल्यावर माझी बहीण म्हणाली, ‘बघ, साडेसात हजार वाचवायला गेली आणि साडेपंधरा घालवले.’ ऐकायला हे बरोबर वाटतं, पण हिशेब तसा नाही. साडेसात हजारांत तिला हवं ते मिळणारच नव्हतं. डबा न लावता ती थेट या ताईंकडे गेली असती तर मुळांची दुरुस्ती वगळून ११,००० आणि कर ५५०, म्हणजे ११,५५० रुपये झाले असते. काळ्या टोकांमुळे केस तेव्हाही कापावेच लागले असते. म्हणजे डब्याच्या चुकीची किंमत १५,४७३ वजा ११,५५०, म्हणजे ३,९२३ रुपये. तेही नुकसानच, पण आठ हजारांचं नव्हे. आणि मुळांवर पेरॉक्साइड एकदा जास्तीचा पडला तो वेगळाच, त्याला बिल नसतं. नशीब इतकंच की नारिंगी बघून तिने त्याच रात्री ब्लीच आणलं नाही. ताईंकडे दुरुस्तीला येणाऱ्या खऱ्या वाईट केसेस या दुसऱ्या रात्रीच्या असतात. नारिंगी घालवायला लावलेलं ब्लीच, तेही ४० व्हॉल्यूमबरोबर, तेही अख्ख्या डोक्याला, वर शॉवर कॅप. मग केस धुताना हातात येतात, आणि तिथे कोणताही दर उपयोगाचा राहत नाही.

पहिल्या दिवसाचं बिल हा खर्चाचा निम्माच भाग आहे. रंगवलेलं डोकं वाढत राहतं. समजा तिचे केस कोरे असते आणि तिने त्या पहिल्या सलूनमधून सगळ्या डोक्याला एकसारखा फिकट रंग केला असता, करासकट ७,८७५ रुपयांत. दीड महिन्यात दोनएक सेंटीमीटर काळं मूळ डोकं वर काढतं. काळ्यावर फिकट असल्यामुळे ती रेघ लांबूनही दिसते. वर्षात सात वेळा मुळं रंगवायची, आमच्या भागात त्याचे करासकट १,८९० लागतात. हे झाले १३,२३०. पहिल्या वर्षाचा एकूण खर्च २१,१०५. भाचीच्या बटांना मूळ गडदच ठेवलेलं आहे, त्यामुळे वाढ दिसत नाही. टोनर मात्र धुण्याने महिना-दीड महिन्यात उतरायला लागतो आणि आतला पिवळसरपणा डोकावतो. लग्नसराई आणि दिवाळी धरून वर्षात दोनदा टोनर, करासकट ३,१५०. थेट गेली असती तर ११,५५० आणि ३,१५० मिळून १४,७००. दरपत्रकावर महाग दिसणारं काम वर्षाअखेरीस साडेसहा हजारांनी स्वस्त पडतं. दर विचारताना म्हणून मी आता एकच प्रश्न आधी विचारते : ‘हे असं ठेवायला पुढच्या वर्षात मला किती वेळा यावं लागेल?’

आणि ‘पासून पुढे’ या शब्दांबद्दल. व्यावसायिक रंगाची एक ट्यूब बहुधा ६० ग्रॅमची. तितकाच किंवा दीडपट डेव्हलपर मिसळला की १२० ते १५० ग्रॅम मिश्रण होतं. खांद्यापर्यंतच्या साधारण केसांना ते पुरतं, दाट आणि पाठीपर्यंतच्या केसांना तीन ट्यूब सहज जातात. ‘पासून’ हा दर एका ट्यूबचा असतो. घरीही हीच गोची आहे. एका डब्यात भागवायला गेलं की मागचा भाग कोरडा राहतो, आणि मागचा भाग आपल्याला दिसत नसतो, मागे बसलेल्या सगळ्यांना दिसतो.

मग घरी रंगवूच नये का? असं मी म्हणणार नाही. तीन गोष्टी जुळत असतील तर डबा उत्तम काम करतो. केस खरोखर कोरे असावेत. हवा असलेला रंग दोन पायऱ्यांच्या आत असावा, म्हणजे काळ्यावरून गडद तपकिरी, चॉकलेटी किंवा बरगंडी. आणि मागून लावायला दुसरं माणूस असावं. केसांचे चार भाग करायचे, अर्ध्या इंचाच्या पातळ थरांत काम करायचं, मुळापासून दोन-तीन सेंटीमीटर सोडून आधी लांबी भरायची, मुळं शेवटी घ्यायची आणि वेळ कागदावर लिहिलाय तेवढाच ठेवायचा. पांढरे केस झाकायचे असतील तर सलूनची गरज बहुधा नसतेच. फक्त ‘एकदा काळाभोर करून बघू’ म्हणताना थोडं थांबावं. काळा लावायला तासभर आणि साडेतीनशे रुपये लागतात. तो काढायला काय लागतं, ते भाचीच्या टोकांनी दाखवलंच आहे.

एक धोका मात्र दोन्हीकडे सारखाच आहे, आणि त्याबाबतीत सलूनचे जास्तीचे पैसे काहीच विकत घेत नाहीत. टिकाऊ गडद रंगांत बहुधा पीपीडी, म्हणजे पॅरा-फेनिलीनडायअमाइन, किंवा त्याचं जवळचं भावंड असतं. काहींना त्याची ॲलर्जी होते. पहिल्याच वेळी होईल असं नाही, दहा वर्षं लावून अकराव्या वर्षीही होते. काळ्या मेंदीने किंवा लग्नात काढलेल्या काळ्या मेंदीच्या टॅटूने कधी हातावर फोड आले असतील, तर डोक्यावर तीच गोष्ट मोठ्या प्रमाणात होऊ शकते. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा रंग लावून ४८ तास वाट पाहायची, असं प्रत्येक डब्यातल्या कागदावर छापलेलं असतं. तो डोळ्यांच्या पापण्यांना आणि भुवयांना लावू नये, हाही इशारा डब्यावर असतोच. ‘अमोनिया-फ्री’ लिहिलं म्हणजे यातून सुटका नाही. अमोनिया गेला की वास जातो, पीपीडी जागेवर असतो. ‘हर्बल’चंही तेच, घटकांची यादी उलटून वाचावी. खाज, टाळूची आग, कानामागे पाणी सुटणं, दुसऱ्या दिवशी पापण्या सुजणं ही लक्षणं. रंग लगेच भरपूर पाण्याने धुवायचा आणि डॉक्टर गाठायचा. श्वास लागला तर थेट दवाखाना. सलूनमध्ये ही ४८ तासांची चाचणी मी तरी कोणी आपणहून करताना पाहिलेली नाही. बटेची चाचणी नेटाने करणाऱ्या आमच्या ताईंनीही ती मी आठवण करून दिल्यावरच केली. म्हणून शनिवारी भेटून काम सोमवारी ठरलं.

लग्नात भाचीचे केस छान दिसले. दहा सेंटीमीटर गेल्याचं दुःख फोटोग्राफरशिवाय कुणाला कळलं नाही, त्याला अंबाडा घालायचा होता.

राहिला फुकटातला तिसरा डबा. तो तिच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, उचलला. बहिणीने आयुष्यात केसांना काही लावलेलं नव्हतं, तेलाशिवाय. निम्मे केस पांढरे. कानामागे ठिपका लावून ती शुक्रवारपासून रविवारपर्यंत थांबली, मग भाचीने तिला स्टुलावर बसवून मागून भाग करून दिले. पांढऱ्या केसांत उतरवायला काळा नव्हताच, ५.३ ने त्यांना बरोबर फिकट सोनेरी तपकिरी केलं. काळे केस जेमतेम एक पायरी सरकले. दोन्ही मिसळून ते असे दिसायला लागले की भिशीतल्या बायकांनी विचारलं, ‘अगं, बटा कुठून केल्यास? कितीला?’ बहिणीने अजून कोणाला सांगितलेलं नाही.